पाच मिनिटांच्या कामाचे अडीचशे रुपये

नळाचा वॉशर बदलायला प्लंबर येतो, पाच-सात मिनिटांत काम उरकतो आणि अडीचशे रुपये मागतो. वॉशर दहा रुपयांचा. घरातल्या माणसाच्या तोंडून आपसूक निघतं, “अहो दादा, पाच मिनिटांचं तर काम, त्याचे एवढे?” दादाही मग काहीतरी पुटपुटतो, पन्नास रुपये कमी करतो आणि दोघंही थोडे नाराज होऊन वेगळे होतात. या नाराजीचं मूळ एकच आहे. ते अडीचशे रुपये कशाचे, हे दोघांनी आधी कधी बोललेलंच नसतं.

ते पैसे वॉशरचे नाहीत आणि त्या पाच मिनिटांचेही नाहीत. ते एका कारागिराच्या दिवसातल्या साधारण तासाभराचे आहेत. तो तास कुठे जातो, ते आधी पाहू.

तासाचा हिशेब

पुण्यात वडगाव बुद्रुकला राहणारा एक इलेक्ट्रिशियन डोळ्यांसमोर आणा. कोथरूडमधून फोन येतो. अंतर सात-आठ किलोमीटर, पण संध्याकाळच्या गर्दीत दुचाकीला अर्धा तास सहज लागतो. सोसायटीच्या गेटवर नोंद, घरातून होकार येईपर्यंत थांबणं, गाडी बाहेर लावून हत्यारांची पिशवी घेऊन वर जाणं, यात आणखी दहा मिनिटं. मग स्विच बदलायला दहा-पंधरा मिनिटं. म्हणजे स्विच बदलण्याच्या कामाने त्याचा सगळा मिळून तास घेतला. त्या तासात तो दुसरीकडे कुठेही काम करू शकत नव्हता.

आता आकडे मांडू. हे आकडे उदाहरणादाखल धरलेले आहेत. प्रत्येक गावात आणि प्रत्येक कारागिराच्या बाबतीत ते बदलतील. समजा, घर चालवायला त्याला महिन्याला 30,000 रुपये हातात हवेत. पेट्रोल, गाडीची दुरुस्ती, फोन, हत्यारांची झीज यांचे 6,000 धरू. एकूण 36,000. महिन्यात 25 दिवस काम धरलं, तर दिवसाला 1,440 रुपये झाले. तो दिवसातले नऊ तास घराबाहेर असतो, पण ग्राहक घरी नसणं, पाऊस, दोन कामांमधली रिकामी वेळ हे सगळं वजा केलं की जाणं-येणं धरून कामी लागणारे तास सहाच्या आसपास उरतात. 1,440 ला सहाने भागलं की तासाला 240 रुपये येतात. पाच मिनिटांच्या कामाला तासभर मोडत असेल, तर 240 रुपयांच्या खाली आला की त्याला घरातून घालावे लागतात.

यालाच व्हिजिट चार्ज म्हणतात. तो एका ठरावीक अंतरापर्यंतचा प्रवास आणि घरातली पहिली वीसेक मिनिटं यांचा मोबदला असतो. काम तेवढ्या वेळात झालं तर वेगळी मजुरी लागू नये, फक्त सामानाचे पैसे द्यायचे. काम लांबलं तर त्यापुढची मजुरी वेगळी.

तालुक्याच्या गावात हा शब्द फारसा ऐकू येत नाही, कारण तिथे कारागीर सायकलवर दहा मिनिटांत पोचतो. अंतर वाढलं की तोच माणूस व्हिजिट मागू लागतो.

आणि बिघाड शोधायचे?

व्हिजिटपेक्षा जास्त वाद होतो तो तपासणीच्या पैशांवरून. “काही बदललं नाही, काही बसवलं नाही, नुसतं बघितलं, त्याचे साडेतीनशे?” असा प्रश्न येतो. या प्रश्नाचं उत्तर एका प्रत्यक्ष बिघाडातून नीट समजतं.

पावसाळ्यात एका फ्लॅटमधला आरसीसीबी वारंवार पडतो. आरसीसीबी म्हणजे मीटरजवळच्या डबीतला, चाचणीचं बटण असलेला रुंद स्विच. फेजमधून जेवढा प्रवाह घरात गेला तेवढाच न्यूट्रलमधून परत आला नाही, म्हणजे कुठेतरी गळती आहे, हे ओळखून तो क्षणात पुरवठा तोडतो. घरगुती आरसीसीबी बहुतेक 30 मिलिअँपिअरचा असतो. माणसाला शॉक बसताना जीव वाचवणारं उपकरण हेच.

घरातल्या ताई सांगतात, “गिझर लावला की पडतो. गिझरच गेलाय.” घाईतला कारागीर एक तर गिझरचा एलिमेंट बदलतो, नाहीतर आरसीसीबीच खराब आहे म्हणून नवा बसवतो. नव्या आरसीसीबीची किंमत दोन हजारांच्या घरात, वर तीनशे मजुरी. अर्ध्या तासात काम संपतं. दोन दिवस ऊन पडतं, सगळं ठीक चालतं. पुढचा पाऊस आला की तो पुन्हा पडतो.

नीट शोधणारा कसा शोधतो ते पाहा. आधी तो विचारतो की पाऊस नसताना पडतो का. मग गिझर वायरिंगपासून सोडवून मेगरने तपासतो. मेगर हे इन्सुलेशन मोजणारं यंत्र. ते 500 व्होल्ट देऊन तार आणि अर्थ यांच्यात किती रोध आहे ते दाखवतं. गिझरचं माप उत्तम येतं, म्हणजे गिझर निर्दोष. मग तो एकेका लाइनचा एमसीबी पाडून बघतो, पण सगळे पाडून फक्त गिझर चालू ठेवला तरी आरसीसीबी पडतोच. इथे अनुभव लागतो. घरातले साधे एमसीबी फक्त फेज तोडतात, न्यूट्रल जोडलेलीच राहते. म्हणून एमसीबी पाडलेल्या लाइनच्या न्यूट्रलमध्ये दोष असेल, तर तो तसाच शिल्लक राहतो.

तो मेन बंद करतो, सगळी उपकरणं प्लगमधून काढायला लावतो, न्यूट्रल लिंकवरची एकेक तार सोडवतो आणि प्रत्येकीचं अर्थशी माप घेतो. चार तारांची मापं चांगली येतात. पाचव्या तारेचं माप जवळजवळ शून्य. ती तार बाल्कनीच्या दिव्याची. दिवा उतरवल्यावर दिसतं की आतल्या धातूच्या डबीत तारेच्या जोडावरची टेप सुटली आहे, जोड गंजला आहे आणि ओलाव्याने तो अर्थ केलेल्या डबीला भिडला आहे. गिझरसारखं जड उपकरण लागलं की परतीच्या मोठ्या प्रवाहातला थोडा भाग या वाटेने अर्थमध्ये जात होता. दोष बाल्कनीत होता, आळ गिझरवर आला होता.

शोधायला सव्वा तास गेला. दुरुस्तीला दहा मिनिटं आणि एका कनेक्टरसह साठ रुपयांचं सामान लागलं. फक्त बसवलेल्या सामानाचे आणि हातांनी केलेल्या दुरुस्तीचे पैसे द्यायचे असं ठरलं, तर या माणसाला शंभर-सव्वाशे रुपये मिळतील. चुकीचा आरसीसीबी बदलणाऱ्याला तीनशे मजुरी आणि वर दुकानदाराने दिलेली सूट. शोधण्याला मोल नसलं की बदलण्यालाच मोल येतं. कारागीर मुळात लबाड असतो असं अजिबात नाही. पैसे देण्याची रीतच त्याला त्या बाजूला ढकलते.

आणखी एक रस्ता याहून वाईट आहे. दोष सापडत नाही, ग्राहकाला घाई असते, म्हणून आरसीसीबी वगळून तारा थेट जोडल्या जातात. दिवे लागतात, पडणं थांबतं, सगळे खूश होतात, आणि घरातलं शॉकपासूनचं संरक्षण गेलेलं असतं. असं कुणी सुचवलं, तर स्पष्ट नकार द्यावा.

प्लंबिंगमध्ये भिंतीतल्या गळतीचं हेच. खालच्या घराचं छत ओलं झालं की वरच्या बाथरूमच्या फरशा फोडायची घाई होते. आधी सगळे नळ बंद करून लाइनला प्रेशर पंप लावला आणि काटा खाली आला, तर दोष पाण्याच्या पाइपात. काटा स्थिर राहिला, तर पाणी बहुधा सांडपाण्याच्या पाइपातून किंवा फरशीखालच्या वॉटरप्रूफिंगमधून जातंय. या तपासणीचे पैसे फोडलेल्या फरशांपेक्षा नेहमीच कमी असतात.

फोनवरच ठरवावं

कारागिराने फोनवरच चार गोष्टी सांगाव्यात: व्हिजिट किती, त्यात किती वेळ धरला आहे, दोष शोधावा लागला तर किती, आणि तासाभरात सापडला नाही तर तो काय करणार. शेवटचा मुद्दा सहसा राहून जातो. प्रत्येक दोष पहिल्या फेरीत सापडत नाही, विशेषतः पाऊस थांबल्यावर नाहीसा होणारा. “तासभर बघतो, नाही मिळालं तर थांबून तुम्हाला विचारतो,” एवढं वाक्य पुरे. पैसे न सांगता दारात आल्यावर मागितले, तर ग्राहकाने हरकत घ्यावी. ती योग्यच आहे.

व्हिजिटचे पैसे दुरुस्तीच्या बिलात वळते करू, असं बरेच जण सांगतात. छोट्या, स्पष्ट कामात ते चालतं. पण दोष शोधण्याचे पैसेही दुरुस्ती केली तरच माफ असतील, तर काहीतरी दुरुस्ती काढण्याचा मोह परत येतो. ते पैसे वेगळे राहिलेलेच ग्राहकाच्या हिताचे. तेच काम पुन्हा बिघडलं आणि ठरलेल्या मुदतीत बोलावलं, तर व्हिजिट लागू नये. दुसराच दोष निघाला तर लागावी.

ग्राहकाच्या हातातही बरंच आहे. गळका नळ, सैल सॉकेट, आवाज करणारा पंखा अशी कामं साठवून एकदम सांगितली, तर व्हिजिट एकदाच पडते. नळाचा फोटो आधी पाठवावा. स्पिंडल हाफ टर्न आहे की जुना फुल टर्न, हे फोटोवरून बहुधा कळतं आणि दुकानाची एक फेरी वाचते. बिघाड केव्हा होतो, काय चालू असताना होतो, पावसात होतो का, हे सांगितलं की शोधण्याचा वेळ घटतो आणि बिलही घटतं.

काम संपल्यावर काय तपासलं, काय सापडलं ते विचारावं, मेगरचा आकडा बघावा, बदललेला जुना भाग मागून घ्यावा. मनापासून शोधलेल्या माणसाला हे सांगायला आवडतं. ज्याला “आतमध्ये लूज होतं” यापुढे काही सांगता येत नाही, त्याने बहुधा शोधलेलं नसतं.

वरच्या फ्लॅटचं बिल असं होतं: व्हिजिट 250, फॉल्ट शोधणं आणि दुरुस्ती 350, सामान 60, एकूण 660 रुपये. चुकीचा आरसीसीबी बसवला असता तर 2,300 रुपये लागले असते आणि बाल्कनीतली गळती तशीच राहिली असती. त्या 660 पैकी 600 रुपये येण्याचे आणि शोधण्याचे आहेत. हे 600 आधी ठरवून, मोकळेपणाने दिले-घेतले गेले, तरच कारागिराला “तुमचा गिझर चांगला आहे, बदलू नका” असं सांगणं परवडतं.