रात्रीचा भात आणि नाजूक पोट

खारघरमध्ये पाऊस लागला की आमच्या सोसायटीत पोटाच्या तक्रारी सुरू होतात. परवा शेजारच्या वहिनी गॅस्ट्रोतून उठलेल्या मुलासाठी रात्रीच्या भाताला फोडणी देत होत्या. "चांगला गरम करून देतेय की!" म्हणाल्या.

मी आहारतज्ज्ञ असल्याने राहवेना. भात रात्रभर ओट्यावरच होता.

तांदळात बॅसिलस सिरियस नावाच्या जिवाणूचे बीजाणू असू शकतात. ते शिजवूनही मरत नाहीत. भात बाहेर राहिला की त्यातून जिवाणू वाढतात आणि विष तयार करतात. हे विष फोडणीने काय, कुकरच्या शिट्ट्यांनीही जात नाही. वासावरून, चवीवरून काहीच कळत नाही. खाल्ल्यावर अर्ध्या ते सहा तासांत उलट्या सुरू होतात. धडधाकट माणूस त्यातून सावरतो, पण आधीच पाणी गमावलेल्या मुलाला ते महागात पडतं.

म्हणून उरलेला भात पसरट ताटात गार करून तासाभरात फ्रिजमध्ये ठेवा आणि दुसऱ्या दिवशीच संपवा. आजाऱ्याला मात्र तोही नको, ताजाच द्या. रात्रभर बाहेर राहिलेली आमटी, उसळ, खीरही नको.

मग द्यायचं काय? तांदळाची मीठ घातलेली पेज, मुगाची मऊ खिचडी, केळं, ताजं दही. थोडं थोडं, पण वारंवार. सोबत ओआरएस, पाकिटावर लिहिलंय तेवढ्याच उकळून गार केलेल्या पाण्यात. तयार द्रावण चोवीस तासांनी फेकायचं.

शौचातून रक्त, लघवी कमी किंवा पाणीही टिकत नसेल, तर थेट डॉक्टर गाठा.

तुमच्या फ्रिजमधल्या कुठल्या डब्याबद्दल शंका आहे? कमेंटमध्ये विचारा.