«तुमचा मिस्ड कॉल होता, कोण बोलतंय?»

दवाखाना, रक्ताची लॅब, पतसंस्था, शाळेचं ऑफिस, गॅस एजन्सी अशा कुठल्याही ठिकाणच्या रिसेप्शनवर हा फोन रोज येतो. पलीकडचा माणूस गाडीवर होता, स्वयंपाकात होती किंवा फोन चार्जिंगला दुसऱ्या खोलीत होता. अनोळखी नंबर दिसला म्हणून तो उलट फोन लावतो आणि पहिलंच वाक्य टाकतो, "या नंबरवरून फोन होता, कोण बोलतंय?" इकडे फोन उचलणाऱ्या बाईंनी तो केलेलाच नसतो. मग सुरू होतं ते ठरलेलंच. "आम्ही नाही केला." "अहो, तुमच्याच नंबरवरून आलाय." "तुम्ही कोण?" "फोन तुमचा आला, तुम्ही सांगा ना!" मिनिटभर दोघंही एकमेकांना नाव सांगत नाहीत, आणि शेवटी कुणीतरी वैतागून ठेवतं.

खरं तर हा पेच सुटायला एकच रीत पुरते. ज्याच्या नंबरवरून आधी घंटी वाजली, त्याने आपलं नाव आधी सांगायचं. फोन कशासाठी होता हे मात्र ज्याच्यासाठी होता त्यालाच सांगायचं. नाव लगेच आणि कारण ओळख पटल्यावर, हा क्रम बऱ्याच ठिकाणी नेमका उलटा झालेला दिसतो. नाव लपवलं जातं आणि कारण कुणालाही सांगितलं जातं.

मुळात इतके फोन चुकतात का, यालाही एक मजेशीर इतिहास आहे. २०१९ साली काही मोबाइल कंपन्यांनी घंटी वाजण्याचा वेळ कमी करत नेला होता. तेव्हा ज्या कंपनीच्या ग्राहकाने फोन लावला, तिने समोरच्या कंपनीला मिनिटाला सहा पैसे द्यायचे, असा नियम होता. घंटी लवकर तुटली की फोन चुकणार, आणि समोरचा माणूस उलट फोन करणार. म्हणजे जाणारा कॉल येणारा झाला आणि पैसे द्यायच्या ऐवजी घ्यायची वेळ आली! कंपन्यांत यावरून भांडण पेटलं. अखेर ट्रायने नोव्हेंबर २०१९ मध्ये मोबाइलवर ३० सेकंद आणि लँडलाइनवर ६० सेकंद घंटी वाजलीच पाहिजे, असं ठरवून दिलं. ते सहा पैसे जानेवारी २०२१ पासून बंद झाले. पण ३० सेकंदांत साठीच्या बाईंनी हात पुसून, चष्मा शोधून, बाहेरच्या खोलीत जाऊन फोन उचलावा ही अपेक्षा जरा जास्तच आहे. त्यामुळे उलट फोन यायचे ते येतच राहतात.

आणि ते येतात रिसेप्शनवर. मोठ्या ऑफिसात आत दहा-पंधरा एक्स्टेंशन असतात, पण बाहेर जाणारा प्रत्येक फोन समोरच्याला बहुधा एकाच बोर्ड नंबराने दिसतो. अकाउंट्सने लावला काय किंवा वरच्या मजल्यावरच्या डॉक्टरांनी लावला काय, उलट येणारा फोन खालीच वाजणार. हल्लीच्या काही ईपीएबीएक्स यंत्रांत यावर सोय असते. ज्या एक्स्टेंशनवरून तो नंबर फिरवला होता, तिथेच परत आलेला फोन काही काळ आपोआप वळवता येतो. मशीन बसवणाऱ्याला सांगून ही सोय चालू करून घ्यावी लागते आणि बहुतेक ठिकाणी ती कुणी विचारलेलीच नसते. लहान ठिकाणी तर एकच मोबाइल चौघांच्या हातात फिरतो. तिथे कॉल लॉगमध्ये नंबर सापडतो, पण कुणी लावला ते लॉग सांगत नाही.

म्हणून फोनशेजारी वही लागते. फार काही लिहायचं नसतं. किती वाजता, कुठला नंबर, कुणासाठी, आपल्यापैकी कुणी लावला आणि घाईचं आहे का, एवढंच. कारण सविस्तर लिहू नये, कारण ती वही काउंटरवर उघडी पडलेली असते आणि बिल भरायला उभा असलेला माणूस ती निवांत वाचतो.

आता तालुक्याच्या गावातली एक लॅब समजा. सकाळी एका काकूंचं सीबीसीसाठी रक्त घेतलं. जांभळ्या झाकणाच्या नळीत, म्हणजे आत रक्त गोठू नये म्हणून ईडीटीए असलेल्या नळीत. नळी नीट उलटसुलट हलवली गेली नाही आणि रक्तात गुठळी झाली. असा नमुना यंत्रात घातला तर प्लेटलेट चुकून कमी दिसतात, म्हणून टेक्निशियनने तो बाजूला ठेवला आणि परत रक्त द्यायला बोलावण्यासाठी ११ वाजून १० मिनिटांनी फोन लावला. उचलला नाही. तो पुढच्या नमुन्याकडे वळला. ११.४० ला रिसेप्शनचा फोन वाजला.

"हॅलो, तुमचा मिस्ड कॉल होता. कोण बोलतंय?"

आवाज पुरुषाचा आहे. रिसेप्शनवरच्या ताई आधी नमस्कार म्हणतात, लॅबचं नाव आणि गाव सांगतात, मग स्वतःचं नाव. एवढ्यानेच समोरच्याचा आवाज खाली येतो, कारण कर्जवाला किंवा फसवणारा नाही हे त्याला कळतं. पुढचं वाक्य महत्त्वाचं आहे. "फोन आमच्याकडूनच आला असणार. आत कुणी केला ते बघते. साधारण किती वाजता आला होता?" आम्ही केलाच नाही, हे वाक्य त्या तोंडातून काढत नाहीत. वेळ विचारल्यावर वहीत शोधणं सोपं होतं आणि समोरच्यालाही आपल्यासाठी कुणी हलतंय असं वाटतं.

वहीत ११.१० ची ओळ सापडली. नाव काकूंचं आहे. इथे घाई केली तर गडबड होते. "हो हो, सुमनताईंचं रक्त परत द्यायचंय," असं ताई सहज बोलून जाऊ शकतात. पण रक्त दिलंय हे त्या घरात सगळ्यांना माहीत असेलच असं नाही. आपल्याकडे फोन एकट्याचा नसतो. बाई भावाचा नंबर देते, शेजारणीचा देते, मुलाचा देते. गरोदरपणाची तपासणी असो, क्षयरोगाची असो, घरात अजून कुणाला सांगितलेलं नसतं. एचआयव्हीच्या बाबतीत तर २०१७ चा कायदाच आहे, संमतीशिवाय कुणाची स्थिती उघड करता येत नाही. आणि पेशंटचं नाव आपण आधी घेतलं की पलीकडच्याला फक्त 'हो, मीच' म्हणायचं उरतं. म्हणून ताई नाव घेत नाहीत, विचारतात. "तुमच्याकडून कुणी आमच्याकडे तपासणी केली आहे का?"

"हां, आई आली होती सकाळी. मी मुलगा. का, काय झालं?"

या "काय झालं" ला उत्तर देणं अवघड असतं. "काही नाही, काळजी करू नका," हे तोंडात आपसूक येतं. पण ताईंना आतलं माहीत नसेल तर ते बोलायचा त्यांना अधिकार नाही. याच्या उलट "डॉक्टरांना बोलायचंय" म्हटलं की मुलगा रिक्षा करून निघतो. दोन्हीच्या मध्ये सरळ खरं बोलावं. "नेमकं काम मला माहीत नाही. आईंनाच फोन द्याल का? ज्यांनी लावला होता त्यांना मी लगेच लाइन देते." आई शेजारी असेल तर काम दोन मिनिटांत होतं. नसेल तर त्या आल्या की इकडे करायला सांगायचं, कुणाला मागायचं ते नाव द्यायचं आणि लॅब किती वाजेपर्यंत उघडी आहे तेही. शिवाय विचारायचं, "की मीच साडेबाराला लावू?" वयस्कर माणसांना हे फार बरं पडतं, कारण बॅलन्स संपलेला असू शकतो आणि बोर्ड नंबरवर वाट बघत राहणं त्यांना जमत नाही.

वहीत घाईची खूण असेल तर सगळं बदलतं. पोटॅशियम धोकादायक वाढलेलं निघालं तर लॅब पेशंटच्या डॉक्टरांना कळवते, पण ते भेटले नाहीत तर पेशंटलाही फोन जातो. अशा वेळी उलट आलेला फोन "नंतर करा" म्हणून ठेवणं महागात पडू शकतं. ताईंनी फोन होल्डवर टाकायचा नाही, हातातलं बाजूला ठेवून उठून आत जायचं आणि पॅथॉलॉजिस्टला फोनवर आणायचं. म्हणून ती खूण. नाहीतर गुठळीचा फोन आणि पोटॅशियमचा फोन वहीत सारखेच दिसतात.

कधी वहीत काहीच सापडत नाही. टेक्निशियनने स्वतःच्या घाईत लिहिलंच नाही, किंवा एक आकडा चुकून भलत्याच घरी लागला. तेव्हा समोरच्याचं नाव, गाव, पत्ता काढत बसू नये. त्याचं आपल्याशी काही काम नसेल तर ते सांगायला तो बांधील नाही. "चुकून लागला असेल, तसदी दिली," म्हणून मोकळं व्हावं. काम असेल तर तो स्वतःच सांगतो, "हो, बहिणीचा रिपोर्ट यायचाय," आणि मग धागा मिळतो. न मिळालाच तर नंबर वहीत लिहून घेऊन, आत सगळ्यांना विचारून कळवते, असं सांगायचं. आणि कळवायचंही. ही दुसरी गोष्ट बहुधा राहून जाते.

अलीकडे एक तिसरी शक्यता वाढली आहे. समोरचा चिडून म्हणतो, "तुमच्या लॅबमधून फोन आला, रिपोर्टसाठी ओटीपी मागितला, मी दिला." लॅबने फोन केलेलाच नाही. समोरच्याच्या स्क्रीनवर आपला नंबर दिसेल अशी लबाडी करता येते, किंवा फक्त लॅबचं नाव वापरलेलं असतं. इथे "आमचा संबंध नाही" म्हणून हात झटकले तर माणूस तसाच ठेवतो आणि अर्धा तास घालवतो. त्याला आधी सांगायचं की आम्ही रिपोर्टसाठी बँकेचा ओटीपी मागत नाही, आधी बँकेला फोन करून व्यवहार थांबवा, आणि लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या क्रमांकावर तक्रार नोंदवा. नंबर दोनदा, सावकाश सांगायचा आणि लिहून घेतला का विचारायचं. बाकीची चौकशी मग.

काकूंचं पुढे काय? मुलाने घरी जाऊन फोन लावून दिला. ताईंनी जन्मसाल विचारलं, ते वहीतल्याशी जुळलं, आणि टेक्निशियनने स्वतः सांगितलं की नमुना खराब झाला, तुमची काही चूक नाही, परत पैसे लागणार नाहीत, या रक्ताला उपाशी यायची गरज नाही. दुपारी त्या आल्या. त्याआधीच ताईंनी वहीतल्या ११.१० च्या ओळीवर काट मारून 'बोलणं झालं' लिहिलं होतं, नाहीतर दुपारच्या पाळीच्या टेक्निशियनने काकूंना आणखी एकदा फोन लावला असता.