डोक्यावरचा छोटा दोन

वैद्यकीय शोधनिबंधातला एक साधा तक्ता कल्पून पाहा. गट अ मध्ये १२० रुग्ण, गट ब मध्ये ११८. ‘धूम्रपान करणारे’ या ओळीत गट अ च्या चौकटीत ४८, त्याच्या डोक्यावर बारीकसा २ आणि पुढे कंसात ४०.०. तक्त्याखालची दुसरी तळटीप सांगते की, यांपैकी ६ जणांनी चाचणी चालू असतानाच धूम्रपान सोडले. या पानाचे चित्र ओसीआरमधून काढले की त्या चौकटीत बरेचदा ४८२ उतरतात. तो बारीक दोन आकड्याला चिकटतो, तळटीप निराधार होते आणि १२० माणसांच्या गटात ४८२ धूम्रपान करणारे निघतात.

असे का होते, हे मोजमापातून कळते. तक्त्यातला मजकूर साधारण ८ पॉइंटचा असतो. ३०० डीपीआयवर स्कॅन केल्यास त्यातला अंक सुमारे २३ पिक्सेल उंच भरतो आणि डोक्यावरची खूण जेमतेम १४ पिक्सेल. स्कॅन १५० डीपीआयचा असेल तर खूण ७ पिक्सेलवर येते. तेवढ्या जागेत दोन आणि तीन यांत फरक करायला फारसे काही उरत नाही. खंजिराच्या आकाराची खूण अधिकच्या चिन्हासारखी किंवा इंग्रजी ‘टी’सारखी वाचली जाते. तारका तर धूळ समजून पुसलीही जाते.

खूण ओळखताना नुसता लहान आकार पाहून भागत नाही. जुन्या वळणाच्या काही टाइपांत १ आणि २ हे अंक मुळातच बुटके असतात, पण त्यांचा तळ ओळीच्या आधाररेषेवर टेकलेला असतो. सुपरस्क्रिप्टचा तळ मात्र त्या रेषेच्या वर, अधांतरी राहतो. म्हणून खरा पुरावा तळाचा. ही आधाररेषाही त्या-त्या चौकटीपुरती काढावी लागते. पान अवघे १ अंश तिरके असले तरी १००० पिक्सेलच्या अंतरात रेषा सुमारे १७ पिक्सेल सरकते. खूण तर साधारण दहाच पिक्सेल उचललेली असते, त्यामुळे पानभर एकच रेषा धरली की सगळा हिशेब चुकतो.

खूण सापडली तरी ती कोणाची, हे ठरायचे असतेच. आकडे एकाखाली एक नीट बसावेत म्हणून अक्षरजुळणी करणारे खुणेला रकान्याच्या उजवीकडे बाहेर लोंबू देतात. चित्र वाचणारा प्रोग्राम तिला वेगळा तुकडा समजतो आणि शेजारच्या रकान्यात टाकतो. यावर नियम असा: खूण आपल्या लगेच डावीकडच्या मजकुराची, रकान्याची कल्पित रेषा कुठूनही जावो. रकान्याच्या शीर्षकावर खूण असेल तर ती टीप खालच्या सगळ्या चौकटींना लागू होते. पण तिची नोंद शीर्षकापाशीच ठेवावी, प्रत्येक आकड्याला चिकटवू नये. नाहीतर लेखकाने न दिलेल्या खुणा तक्त्यात दिसू लागतात.

आकडा आणि खूण एकाच मजकुरात कधी ठेवू नयेत. शोधनिबंधांसाठी वापरल्या जाणाऱ्या जॅट्स या एक्सएमएल मानकात त्यासाठी स्वतंत्र सोय आहे:

```xml
<td>48<xref ref-type="table-fn" rid="t1fn2"><sup>2</sup></xref> (40.0)</td>
<fn id="t1fn2"><label>2</label><p>...</p></fn>
```

`rid` आणि `id` जुळले की दुवा पक्का. तक्त्याचा क्रमांक त्या नावातच घातला आहे, कारण पुढच्या तक्त्यात खुणा पुन्हा पहिल्यापासून सुरू होतात.

आता तपासणी, आणि इथे तक्ता स्वतःच साक्ष देतो. ४८ भागिले १२० म्हणजे बरोबर ४० टक्के. ४८२ घेतले तर टक्केवारी चारशेच्या वर जाते. दुसरी साक्ष क्रमाची. खुणा सहसा डावीकडून उजवीकडे आणि वरून खाली अशा क्रमाने दिलेल्या असतात. वाचताना १ नंतर एकदम ३ भेटला, तर २ त्या दोहोंमधल्या कुठल्यातरी चौकटीत हरवला आहे, म्हणजे शोधायची जागा बरीच आटोपशीर होते. तिसरी साक्ष दोन्ही बाजूंच्या जुळणीची: खुणेला टीप नसणे आणि टिपेला खूण नसणे, दोन्ही संशयास्पद. संक्षेपांचा अर्थ सांगणारी सर्वसाधारण टीप मात्र बिनखुणेचीच असते, तिला जबरदस्तीने चौकट शोधू नये.

एवढे करूनही दोन ठिकाणी माणसाचे डोळे लागतातच. याच तक्त्यात ‘किलोग्रॅम प्रति चौरस मीटर’ या एककावरही वर उचललेला दोन असतो, आणि तो घातांक असतो. पिक्सेलच्या मापाने तो तळटिपेच्या दोनसारखाच दिसतो. फक्त मागचे एकक वाचूनच फरक कळतो. दुसरे ठिकाण कृषी संशोधनाच्या तक्त्यांचे. तिथे उत्पादनाच्या आकड्यांवर इंग्रजी ‘ए’, ‘बी’ आणि ‘एबी’ अशी अक्षरे असतात. समान अक्षर असलेल्या सरासऱ्यांत लक्षणीय फरक नाही, एवढाच त्यांचा अर्थ. ती एकेका टिपेकडे नेत नाहीत. सगळ्यांचा खुलासा एकाच टिपेत असतो. अशा अक्षरांसाठी दुवे न करता वेगळा रकाना करावा. आणि जिथे खूण धूसर आहे, तिथे अंदाजाने अक्षर न भरता ‘अस्पष्ट’ अशी नोंद करून चित्राचा तेवढा तुकडा सोबत जपून ठेवावा.