बारा हजार लाभार्थी नेमके कोण?

‘४० गावांतील १२,००० लाभार्थींपर्यंत पोहोचले. १ कोटी ८० लाखांच्या निधीचे व्यवस्थापन केले. ४६ जणांच्या फिल्ड टीमचे नेतृत्व केले. देणगीदारांना नियमित अहवाल दिले.’ स्वयंसेवी संस्थेत कार्यक्रम समन्वयकाच्या जागेसाठी जे रेझ्युमे येतात, त्यांत या चार ओळी थोड्याफार फरकाने असतातच. त्या खोट्या असतात असे नाही. पण निवड करणाऱ्यांपैकी कोणीतरी स्वतः गावोगाव फिरून रजिस्टरे तपासलेली असतात. असा माणूस पहिल्याच आकड्याशी थांबतो आणि विचारतो: हे बारा हजार मोजले कसे?

हा प्रश्न नीट समजावा म्हणून एक कल्पित प्रकल्प घेऊ. जागा मेळघाटातला धारणी तालुका. काम सहा वर्षांखालच्या मुलांच्या कुपोषणाचे. पैसा एका कंपनीच्या सीएसआर निधीचा, मुदत तीन वर्षांची. आपली समन्वयक दुसऱ्या वर्षी रुजू झाली आणि तिने दोन वर्षे काम पाहिले. पुढचे सगळे आकडे उदाहरणापुरते आहेत, पण अशा प्रकल्पात हिशोब याच पद्धतीने बसतो.

तिचे बारा हजार तीन ठिकाणांहून आले. दंडाचा घेर मोजून तपासलेली मुले १,८६०. माता बैठकांच्या हजेरीपटावरच्या सह्या आणि अंगठे ७,४००. पथनाट्य पाहायला जमलेले लोक अंदाजे २,७४०. बेरीज बरोबर १२,००० येते, पण तिन्ही आकडे एका जातीचे नाहीत. मुलांची नावे रजिस्टरमध्ये आहेत आणि प्रत्येक मूल एकदाच धरलेले आहे. बैठकांत मात्र त्याच बाया महिन्यामागून महिने येत होत्या. नावावरून पडताळणी केली तर ७,४०० हजेऱ्यांमागे वेगवेगळ्या स्त्रिया निघाल्या १,३५०. पथनाट्याचा आकडा तर कार्यकर्त्याने गर्दीकडे पाहून लिहिलेला. म्हणजे ज्यांच्याशी प्रकल्पाचे थेट काम झाले अशी माणसे ३,२१० होतात.

बारा हजारांवरून तीन हजारांवर येणे उमेदवाराला नुकसानीचे वाटते. पण अनुभवी वाचणाऱ्याला ३,२१० हाच आकडा मोठा वाटतो, कारण तो विचारला तर दाखवता येतो. प्रत्यक्ष आणि अप्रत्यक्ष लाभार्थी वेगळे लिहिणे, हजेरी आणि माणूस यांत फरक ठेवणे, ही या क्षेत्रात कामाची शिस्त समजली जाते. शिवाय संस्थेच्या वार्षिक अहवालात आणि देणगीदाराला गेलेल्या अहवालात जो आकडा आहे, त्याच्याशी रेझ्युमेतला आकडा जुळला पाहिजे. जुन्या वरिष्ठांना फोन करून चौकशी होते तेव्हा तफावत लगेच उघड होते.

पोहोचल्यानंतर काय झाले, हा पुढचा मुद्दा. सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या मुलाच्या दंडाचा घेर ११.५ सेंटिमीटरपेक्षा कमी भरला की ते तीव्र कुपोषित, फिल्डवरच्या भाषेत ‘सॅम’, धरले जाते. आपल्या प्रकल्पात अशी १४८ मुले सापडली. त्यातली १३१ उपचाराखाली आली, कोणी गावातल्या ग्राम बाल विकास केंद्रात, कोणी पोषण पुनर्वसन केंद्रात. १०९ बरी झाली, १३ कुटुंबासोबत गाव सोडून गेली, ९ मुलांचे वजन उपचारानंतरही पुरेसे वाढले नाही. १३१ पैकी १०९ म्हणजे ८३ टक्के. मानवतावादी मदतकार्यासाठीच्या ‘स्फिअर’ या आंतरराष्ट्रीय निकषांत अशा उपचारातून बाहेर पडणाऱ्या मुलांपैकी ७५ टक्क्यांहून अधिक बरी व्हावीत आणि मध्येच सोडणारी १५ टक्क्यांपेक्षा कमी असावीत, अशी अपेक्षा आहे. हे माहीत असणाऱ्याला ८३ टक्के वाचून लगेच अंदाज येतो. रेझ्युमेत टक्केवारीसोबत मूळ संख्या मात्र हवीच. नुसते ८३ टक्के लिहिले तर ती १३१ मुलांतली आहेत की सहा मुलांतली, हे कळायला मार्ग नाही.

इथेच एक मोह होतो, ‘तालुक्यातील कुपोषण कमी केले’ असे लिहिण्याचा. हे विधान सिद्ध करायला काय लागते, याचे उत्तर महाराष्ट्रातच आहे. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने नवजात बालकांच्या घरच्या घरी काळजीचा प्रयोग केला. ३९ गावांत सेवा दिली, ४७ गावे तुलनेसाठी ठेवली, दोन्हीकडचे जन्म-मृत्यू वर्षानुवर्षे नोंदवले. तेव्हा कुठे १९९९ साली ‘लॅन्सेट’मध्ये नवजात मृत्युदर घटल्याचे मांडता आले. आपल्या समन्वयकाकडे तुलनेची गावे नाहीत. त्याच काळात अंगणवाडी सेविका, आशा कार्यकर्त्या आणि आरोग्य खाते काम करतच होते. म्हणून तिने ‘सापडलेल्या १४८ पैकी १३१ मुलांना उपचारापर्यंत नेले’ असे लिहावे. तेवढे काम तिच्या टीमचे आहे.

पैशाच्या ओळीतही असाच गाळ काढावा लागतो. १ कोटी ८० लाख हा तीन वर्षांचा मंजूर निधी. ती दोन वर्षे होती, तेव्हा तिच्या काळाला १ कोटी २० लाख लागू होतात. त्यातले पगार, कार्यालय आणि हिशोबाचा खर्च असे ६८ लाख मुख्यालय पाहत होते. उरले ५२ लाख: प्रशिक्षण, प्रवास, पोषण साहित्य, स्वयंसेवकांचे मानधन. याचे तिमाही नियोजन ती करायची, आणि ठरलेल्या मर्यादेपर्यंतची बिले तिच्या सहीने मंजूर व्हायची. हाच तिने सांभाळलेला निधी. त्यातले ४९ लाख ४० हजार खर्च झाले, म्हणजे ९५ टक्के.

खर्चाची टक्केवारी का सांगायची? कारण या कामात पैसा उरणे हीदेखील अडचण आहे. कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ नुसार ठरावीक आकारापुढच्या कंपन्यांनी मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या किमान २ टक्के सामाजिक कामावर खर्च करायचे असतात. अनेक वर्षे चालणाऱ्या प्रकल्पाचा पैसा आर्थिक वर्षात पुरा झाला नाही, तर कंपनीला तो ३० दिवसांत वेगळ्या बँक खात्यात वळवावा लागतो. म्हणून फेब्रुवारीत साठ टक्केच खर्च दिसला की देणगीदाराचा फोन येतो. उलट मार्चमध्ये घाईने खरेदी करून टक्केवारी गाठली तर लेखापरीक्षक विचारतो. पुष्कळ करारांत एका शीर्षाखालचा पैसा दहा टक्क्यांपेक्षा जास्त दुसरीकडे वळवायला आधी लेखी परवानगी लागते. अशी परवानगी मागून बजेट सुधारून घेतले असेल, तर ते एका वाक्यात जरूर लिहावे. पैसा परदेशी असेल तर तेही सांगावे, कारण २०२० च्या दुरुस्तीनंतर एफसीआरए कायद्याने त्यातला प्रशासकीय खर्च २० टक्क्यांवर आणून ठेवला आहे. ते नियम पाळून काम केलेला माणूस संस्थेला वेगळा शिकवावा लागत नाही.

आता टीम. ४६ या आकड्यात सहा पगारी फिल्ड कार्यकर्ते आहेत आणि प्रत्येक गावात एक याप्रमाणे मानधनावरचे ४० स्वयंसेवक. समन्वयकाला थेट उत्तर देणारे सहाच, बाकीचे त्या सहांमार्फत. दोन्ही थर वेगळे लिहिले की चित्र स्पष्ट होते. ‘नेतृत्व’ या शब्दापेक्षा त्या सहांसोबत तिने काय केले, हे वाचायला मिळाले पाहिजे. नेमणुकीत तिचा वाटा होता का? दोन वर्षांत किती जण सोडून गेले? सगळ्यात महत्त्वाचे म्हणजे गावातून आलेली नोंद खरी आहे, याची खात्री ती कशी करायची? समजा ती दर महिन्याला चार गावे न सांगता निवडायची आणि रजिस्टरमधल्या काही मुलांच्या घरी जाऊन दंडाचा घेर पुन्हा मोजायची. ही एक ओळ चार विशेषणांपेक्षा जास्त सांगते. तिला कोरकू बोलता येत असेल तर तेही भाषांच्या रकान्यात ठळक हवे. मेळघाटात हे कौशल्य कुठल्याही संगणक अभ्यासक्रमाच्या वरचे आहे.

अहवालांच्या बाबतीत कोणी काय केले याची सरमिसळ होते. देणगीदाराला सहसा दोन गोष्टी जातात: कामाचा वृत्तांत आणि खर्चाचा तक्ता. वर्षाअखेरीस चार्टर्ड अकाउंटंटने सही केलेले उपयोगिता प्रमाणपत्र, म्हणजे ‘युटिलायझेशन सर्टिफिकेट’, त्यांना जोडले जाते. समन्वयक वृत्तांत लिहिते, निर्देशकांचे आकडे भरते आणि खर्च ठरल्यापेक्षा कमी-जास्त का झाला याची कारणे देते. प्रमाणपत्र हिशोब विभागाचे काम. ‘युटिलायझेशन सर्टिफिकेट तयार केले’ असे रेझ्युमेत दिसले की मुलाखतीत पुढचा प्रश्न त्यावरच येतो, आणि उत्तर देता येत नाही.

हे सगळे धरून त्या चार ओळी अशा होतील:

‘धारणी तालुक्यातील ४० गावांत दोन वर्षांत १,८६० मुलांची तपासणी, १,३५० मातांसोबत मासिक बैठका. १४८ तीव्र कुपोषित मुलांपैकी १३१ उपचाराखाली, त्यातील १०९ बरी.

५२ लाखांच्या फिल्ड बजेटचे नियोजन व मंजुरी (सीएसआर, दोन वर्षे). ९५ टक्के खर्च.

सहा कार्यकर्त्यांवर थेट देखरेख, त्यांच्यामार्फत ४० गाव स्वयंसेवक; दरमहा चार गावांत नोंदींची प्रत्यक्ष पडताळणी.

आठ तिमाही अहवालांचे लेखन, सर्व मुदतीत. एका बजेट फेरबदलास देणगीदाराची मंजुरी मिळवली.’

बहुतेक संस्था रेझ्युमे इंग्रजीत मागतात, पण आकडे आधी असे मराठीत लिहून पाहिले तर पोकळ क्रियापदे आपोआप गळतात. सोबत स्वतःपुरता एक कागद ठेवावा. त्यावर प्रत्येक आकडा कुठल्या रजिस्टरमधून, कुठल्या महिन्यापासून कुठल्या महिन्यापर्यंतचा आणि कसा मोजला, हे लिहिलेले असावे. मुलांची नावे आणि फोटो मात्र रेझ्युमेत किंवा सोबतच्या नमुना अहवालात कधीही देऊ नयेत. देणगीदाराचे नाव टाकण्याआधी संस्थेला विचारावे.

अशा रेझ्युमेत कमीपणाही दिसतो आणि तो दिसू द्यावा. १४८ मधली १७ मुले उपचाराला आलीच नाहीत. मुलाखतीत जाणकार माणूस याच सतरांबद्दल विचारेल. दिवाळीनंतर मजुरीसाठी गाव सोडून होळीला परतणाऱ्या कुटुंबांतली त्यातली किती, आईला चौदा दिवस केंद्रात राहणे शक्य नसल्याने अडलेली किती, आणि दुसऱ्या वर्षी त्यासाठी तपासणीचा महिना अलीकडे आणला का, हे समन्वयकाला सांगता आले, तर तिच्या कामाची परीक्षा त्या एका उत्तरात होऊन जाते.