ऑडिओग्रामवरून श्रवणदोष ओळखताना

ऑडिओग्रामवरचे आकडे डेसिबलमध्ये असतात. आकडा जितका मोठा, तितके ऐकू कमी. एका उजव्या कानाची नोंद अशी:

| हर्ट्झ | हवेतून | हाडातून |
|---|---|---|
| ५०० | ४० | ५ |
| १००० | ४५ | १० |
| २००० | ५० | १५ |

हवेतून आलेल्या आकड्यांची सरासरी ४५, म्हणजे दोष मध्यम. हाडातून सरासरी १०, म्हणजे आतला कान शाबूत. अडथळा बाहेरच्या किंवा मधल्या कानात आहे. म्हणून लिहायचे: ‘उजव्या कानात मध्यम, वहनजन्य श्रवणदोष.’ दोन्ही आकडे सारखेच वाढलेले असते, तर दोष आतल्या कानाचा किंवा नसेचा ठरला असता. मात्र हाडाची चाचणी घेताना डाव्या कानात मास्किंगचा आवाज सोडलेला नसेल, तर तो निरोगी कानच उत्तर देतो आणि निष्कर्ष फसतो.