जोते आणि व्हरांडा: छावणीतल्या बंगल्याची दोन कामे

पुण्याच्या लष्कर भागात आणि खडकीत एकोणिसाव्या शतकात उभ्या राहिलेल्या बंगल्यांची ठेवण साधारण ठरलेली असे. मोठ्या आवाराच्या मध्यावर काळ्या दगडाचे दोन ते चार फूट उंच जोते, त्यावर एकमजली घर, भोवती आठ-दहा फूट रुंदीचा व्हरांडा आणि वर उतरते छप्पर. १८६५ साली बासल मिशनने मंगळुरात कौलांचा कारखाना काढला आणि पुढे छपरांवर मंगलोरी कौले दिसू लागली.

जोत्याचे पहिले काम पाण्याशी संबंधित होते. दगडी चौथरा बांधून आत मुरूम भरून ठोकला की पावसाचे वाहते पाणी आणि जमिनीची ओल घरापासून दूर राहत असे. विंचू-साप सहज आत शिरत नसत, आणि कुंपणाच्या झुडपांवरून येणारा वारा खिडक्यांपर्यंत पोहोचे. अर्थात ओल पूर्ण थांबत नसे. चुन्याच्या दर्जांतून ती वर चढते. भिंतीच्या खालच्या दोन-तीन फुटांत पांढरा लोणा फुटून गिलावा सुटू लागला की जोते कमी पडले हे ओळखावे. वाळवीही दगडांच्या सांध्यांतून वाट काढतेच.

या उंचीमागे तेव्हाचे एक चुकीचे वैद्यकशास्त्रही होते. ओल्या जमिनीतून निघणाऱ्या दूषित हवेने ताप येतो, अशी समजूत होती. भारतातल्या ब्रिटिश सैन्याच्या आरोग्याची चौकशी करणाऱ्या आयोगाचा १८६३चा अहवाल याच धारणेवर उभा होता. हिवतापाचे कारण डास हे रोनाल्ड रॉसच्या १८९७च्या सिकंदराबादमधल्या शोधानंतर स्पष्ट झाले. तोवर जमिनीपासून उंच राहणे हेच औषध मानले जाई.

व्हरांड्याचे गणित उन्हाच्या कोनाचे. वळचण फरशीपासून आठ फुटांवर आणि व्हरांडा दहा फूट रुंद असा धरून पाहू. डिसेंबरात पुण्याला भर दुपारी सूर्य दक्षिणेला क्षितिजापासून सुमारे ४८ अंशांवर असतो, तेव्हा ऊन वळचणीपासून सात फूट आत येते आणि भिंतीला शिवत नाही. उन्हाळ्यात दुपारचा सूर्य जवळजवळ डोक्यावर, म्हणून दक्षिणेचा व्हरांडा अगदी सावलीत. पश्चिमेला मात्र हे गणित फसते. मे महिन्यात सूर्यास्ताआधी दोनेक तास सूर्य सुमारे २७ अंशांवर उतरलेला असतो आणि भिंतीचा खालचा तीनेक फूट भाग उन्हात तापतो. म्हणूनच पश्चिमेला बांबूचे चिक सोडत आणि वाळ्याच्या ताट्यांवर पाणी मारत. सावलीची किंमतही होती: चारी बाजूंना व्हरांडा म्हणजे मधल्या खोल्या अंधाऱ्या. त्यासाठी मधल्या खोल्यांचे छप्पर व्हरांड्याच्या छपराहून उंच नेऊन वरच्या भिंतीत झरोके ठेवत. उजेड त्यातून येई आणि तापलेली हवा तिथूनच बाहेर जाई.

हे सारे हवामानाने सुटते. पण त्याच आवारात मागे असलेल्या नोकरांच्या खोल्या पाहिल्या की स्पष्टीकरण अपुरे पडते. ओल तीच, ऊन तेच, साप तेच. तरी त्या खोल्यांना जोते बेताचे आणि व्हरांडा असलाच तर अरुंद. उंची गरजेनुसार नव्हे, दर्जानुसार वाटली जात होती.

वाड्याचा ओटा रस्त्याला लागून असतो आणि येणाराजाणारा त्यावर टेकतो. बंगला रस्त्यापासून मागे सरकलेला, त्यामुळे पोहोचणाऱ्याला फाटक, लांब वाट आणि पायऱ्या ओलांडाव्या लागत. त्यात कोण कुठे थांबतो हे ठरलेले असे. अर्जदार पायऱ्यांखाली उभा राही आणि खुर्चीत बसलेल्या साहेबाकडे मान वर करून बोले. फेरीवाला व्हरांड्यात गाठोडे सोडी, शिंपी तिथेच बसून शिवे, मुनशी तिथेच भाषा शिकवी. त्यापुढच्या दिवाणखान्यात जाणे मोजक्यांच्या वाट्याला येई. तिथेही जोडे काढायचे का आणि खुर्ची मिळणार का, यावरून माणसाची पत कळे. मधली जागा असल्याने साहेबाला कोणाला आत न घेता भेटता येई आणि बाहेरच्यांच्या नजरेसमोर ऐटीत बसताही येई. पुढच्या बाजूचे खांब, पोर्च आणि रुंद पायऱ्या यांवर खर्च का होई, ते यावरून समजते. मागच्या व्हरांड्याला हा थाट क्वचितच असे.

पुढे पारशी आणि मराठी धनिकांनीही हाच नमुना उचलला. विसाव्या शतकात शहरांतल्या जागा आखडल्या, तसा चारी बाजूंचा व्हरांडा पुढच्या बाजूपुरता उरला आणि जोते दोन-तीन पायऱ्यांवर आले. विजेचे पंखे आल्यावर अनेकांनी व्हरांड्याला काचा लावून त्याची खोली केली. अशा घरात काचेतून आलेले ऊन आत अडकते आणि मधल्या खोलीला बाहेरची हवा मिळत नाही. झरोके बुजवले असतील, तर ती खोली दिवसाही दिव्याशिवाय आणि पंख्याशिवाय वापरता येत नाही.