पोत्याची शिवण, पोत्याचे वजन आणि पोत्यापुढची रास

किराणा मालाच्या घाऊक दुकानाच्या दर्शनी भागात तांदळाची व कणकेची पोती ओळीने उभी करून त्यांवरचा ठसठशीत छापील मजकूर गिऱ्हाइकाच्या नजरेसमोर येईल अशी तजवीज करावी, आणि त्यांतल्या एखाद्या पोत्याचे तोंड उकलून थोडे दाणे पुढे ओघळू द्यावेत, ही मांडणी आपल्या इतकी अंगवळणी पडलेली आहे की तिच्याकडे पाहताच गिऱ्हाईक काही समजुती विनातक्रार स्वीकारून मोकळे होते. शिवलेले पोते म्हणजे गिरणीतून निघाल्यापासून कोणी हात न लावलेले पोते. छापलेला आकडा आणि काट्यावरचा आकडा यांत अंतर पडले म्हणजे लबाडी झालीच. आणि पुढे सांडलेले दाणे म्हणजे आतल्या मालाचा इमानी नमुना. या तिन्ही समजुतींत थोडेबहुत तथ्य नाही असे नाही. परंतु जेवढे आहे तेवढ्यावर व्यवहार करू गेल्यास निष्पाप दुकानदारावर आळ येतो आणि खरा लबाड सुखरूप सुटतो.

प्रथम शिवणीकडे वळू. हमालाने हातात दाभण घेऊन सुतळीने पोत्याचे तोंड टाचायचे, ही पद्धत अगदीच नाहीशी झाली नसली तरी गिरणीतून येणाऱ्या पोत्यांची शिवण आता यंत्राची असते, आणि ते यंत्र बहुधा साखळीचा टाका घालते. या टाक्यात दोऱ्याचा प्रत्येक फास त्याच्या पुढच्या फासाने अडकवून धरलेला असतो. मात्र जो सर्वांत शेवटी पडला त्याला अडकवणारा कोणी उरत नाही, आणि म्हणूनच शिवण जेथे संपली त्या टोकाचा दोरा मोकळा करून ओढला असता सबंध तोंड एका हिसक्यासरशी उकलते. शिवण जेथे सुरू झाली त्या टोकाशी कितीही झटापट केली तरी दोरा केवळ आवळत जातो, आणि अखेर घरातली सुरी बाहेर काढण्याचा प्रसंग येतो. अशा वेळी दुसरे टोक धरून पाहावे, एवढाच त्यावर इलाज आहे. पोते झटकन उघडता यावे म्हणूनच हा टाका पत्करलेला आहे. त्याला लाखेच्या मोहरेची प्रतिष्ठा आपण दिली, त्याच्या योजनाकर्त्यांनी नव्हे. हातात धरून चालवण्याचे शिवणयंत्र बाजारात कोणालाही विकत मिळते, आणि उघडलेले पोते त्यावर पुन्हा शिवण्यास एक मिनिटही लागत नाही.

पुन्हा शिवलेले पोते ओळखता येते काय? बहुतेक वेळा येते, आणि ते पोते कशाचे विणलेले आहे यावर ते अवलंबून असते. तागाच्या गोणीत सुई शिरून निघाली की तंतू परत एकमेकांजवळ सरकतात आणि छिद्र जवळजवळ बुजून जाते. त्यामुळे तागाच्या गोणीकडून फारशी साक्ष मिळत नाही. याउलट प्लॅस्टिकच्या चपट्या पट्ट्या आडव्याउभ्या विणून केलेल्या पोत्यात पट्टीला पडलेले छिद्र कायमचे राहते. तेव्हा शिवणीच्या वर किंवा खाली रिकाम्या छिद्रांची दुसरी ओळ दिसली, दोऱ्याचा रंग शेजारच्या पोत्यांहून निराळा दिसला, अथवा वरची कड कापून नव्याने दुमडल्यामुळे छापील नाव शेजारच्या पोत्यांपेक्षा तोंडाच्या अधिक जवळ आलेले आढळले, तर चौकशी अवश्य करावी. तरीही एक मर्यादा ध्यानात ठेवावी लागते: जुन्याच छिद्रांतून सावकाश शिवणारा कसबी माणूस यांपैकी एकही खूण मागे ठेवणार नाही, आणि फाटलेले पोते प्रामाणिकपणे बदलणारा व्यापारी मात्र यांतल्या दोन खुणा ठेवून जाईल.

वजनाचा प्रश्न याहून गुंतागुंतीचा आहे, आणि बाजारातील बरेचसे कलह त्यातूनच उद्भवतात. पोत्यावर छापलेला आकडा हा निव्वळ धान्याचा असतो. बारदानाचे वजन त्यात धरायचे नसते. सरकारी धान्याच्या पन्नास किलोच्या तागाच्या गोणीचे प्रमाणित वजन ५८० ग्रॅम आहे, म्हणजे भरलेली गोणी काट्यावर ५० किलो ५८० ग्रॅम उतरली पाहिजे. आता समजा, रास्त भावाच्या एखाद्या दुकानदाराने शंभर गोण्या ताब्यात घेतल्या आणि बारदान वजा न करता प्रत्येकीचे वजन बरोबर पन्नास किलो भरले म्हणून समाधानाने पावतीवर सही केली, तर त्याच्या पदरात पडलेले धान्य ५,००० किलो नसून ४,९४२ किलो असते; ही ५८ किलोंची तूट पुढे शिधापत्रिकेवर माल नेणाऱ्या कुटुंबांच्या मापातून तरी निघते, नाहीतर त्याच्या खिशातून. प्लॅस्टिकचे पोते फार हलके असल्याने तेथे हाच घोटाळा लहान प्रमाणात घडतो एवढेच.

बारदान वजा करूनही वजन कमी भरले तर? येथे गिऱ्हाइकाच्या तोंडी ‘मापात पाप’ हे शब्द ताबडतोब येतात. ते उच्चारण्यापूर्वी तांदळातल्या पाण्याचा हिशेब मांडून पाहणे न्यायाचे ठरेल. पोत्यात भरतेवेळी तांदळात १४ टक्के ओलावा होता असे धरू. पन्नास किलोंपैकी सात किलो पाणी आणि ४३ किलो कोरडे द्रव्य, अशी ही वाटणी झाली. तेच पोते उन्हाळ्यात एखाद्या कोरड्या गोदामात राहून ओलावा १२ टक्क्यांवर उतरला, तर ४३ किलोंचे कोरडे द्रव्य आहे तसेच राहते. पण आता ते एकूण वजनाचे ८८ टक्के होते, आणि ४३ ला ०.८८ ने भागले असता ४८.८६ किलो हे नवे वजन येते. एकही दाणा कोणी उचललेला नाही आणि सव्वा किलोच्या जवळपास वजन हवेत गेले. वरण-भाताच्या दृष्टीने घेणाऱ्याचे काही बुडालेले नसते, कारण शिजवताना तेवढे पाणी तो भांड्यात घालणारच असतो. व्यापाऱ्याच्या वहीत मात्र ही घट खरीखुरी असते.

हीच क्रिया उलट दिशेनेही घडते. बारा टक्के ओलाव्याचे पन्नास किलो धान्य दमट हवेत १४ टक्क्यांवर पोचले की त्याचे ५१.१६ किलो होतात. उन्हाळ्यात कोरडा खरेदी केलेला गहू पावसाळ्यात गोदामात वजनाने वाढतो, हे सरकारी साठवणुकीच्या हिशेबातही गृहीत धरलेले असते. यातून जो निष्कर्ष निघतो तो थोडा अप्रिय आहे: कमी भरलेले पोते प्रामाणिक असू शकते, आणि बरोबर भरलेल्या पोत्यात कोणी जाणूनबुजून पाणी मारलेले असू शकते. दोहोंतला भेद काट्याने कळत नाही. त्यासाठी ओलावामापक यंत्र लागते, आणि ते नसेल तर नाक व दात ही जुनी साधने आहेतच. कोरडा दाणा दाताखाली कट्‌कन फुटतो, ओलसर दाणा दबतो. आणि ओल साचलेल्या पोत्याचे तोंड उघडताच कुबट वास येतो.

त्या ठळक, चकचकीत छपाईचाही या प्रकरणात हात आहे. साध्या विणीच्या पोत्यातून हवा व बाष्प ये-जा करतात. परंतु रंगीत चित्रांची पोती बहुधा वरून पातळ छापील पापुद्रा चिकटवून केलेली असतात, आणि त्यातून बाष्प सहजी निसटत नाही. कोरडा माल भरलेला असेल तर हा गुण होय, कारण वजन टिकते. माल ओला भरला असेल तर तोच दोष ठरतो. दिवसा तापलेल्या आणि रात्री निवलेल्या पोत्यात आतल्या बाजूस घाम धरतो व कडेच्या दाण्यांना प्रथम बुरशी लागते. अशा पोत्यात किडे शिरणार नाहीत हा भरवसाही फोल आहे. सोंडे बहुधा बाहेरून येतच नाहीत. मादी दाण्याला भोक पाडून आत अंडे घालते आणि भोक लिंपून टाकते, त्यामुळे वरून निर्मळ दिसणाऱ्या तांदळातून उबदार हवेत महिन्याभराच्या सुमारास किडे चालत बाहेर पडतात.

छापील आकड्यासंबंधी आणखी एक गोष्ट ओघाने सांगून टाकतो. पंचवीस किलोंच्या जागी २६ किलोंची पोती दिसू लागली तेव्हा एक किलो फुकट मिळतो अशी अनेकांची गोड समजूत झाली. त्यामागचे कारण करआकारणीचे होते. १८ जुलै २०२२ पासून आधीच भरून लेबल लावलेल्या धान्यावर आणि पिठावर पाच टक्के वस्तू व सेवा कर लागू झाला, परंतु २५ किलोंपर्यंतच्या पाकिटांनाच. एका किलोने ती मर्यादा ओलांडली की कर टळत होता. मोफत किलोचा संबंध या गणिताशी नव्हता, हे किंमत किलोवारी काढून पाहणाऱ्यांना तेव्हाच उमगले असेल.

आता ती पुढची रास. दाणे ओतले जातात तेव्हा तुकडा आणि कणी ओतण्याच्या जागेखाली, राशीच्या पोटात, साचते आणि अखंड दाणे उतारावरून घरंगळत कडेला येऊन थांबतात. मालमोटारीच्या हादऱ्यांनी पोत्यातही बारीक तुकडा दाण्यांच्या फटींतून खाली उतरलेला असतो. म्हणजे गिऱ्हाईक वाकून ज्या कडेच्या मूठभर तांदळाची पारख करते, ती मूठ निसर्गतःच सबंध पोत्याहून उजवी असते, आणि त्यासाठी दुकानदाराने काही कारस्थान करण्याची गरज नसते. धान्याच्या खरेदीत पोत्याच्या अंगात पोकळ, टोकदार सळई खुपसून निरनिराळ्या जागांचे दाणे काढतात ते याचसाठी. तागाच्या गोणीला या सळईचे भोक फारसे जाणवत नाही, प्लॅस्टिकच्या पोत्याला मात्र ते राहते, म्हणून दुकानदार तिला सहसा राजी नसतो.

घरी नेलेल्या पोत्याची पारख करायची असल्यास पोते मोठ्या डब्यात रिते करतेवेळी वरून, मधून आणि तळातून मूठ-मूठ काढून एकत्र कालवावी, त्यातले पन्नास ग्रॅम तोलून पूर्ण दाण्याच्या पाऊण लांबीहून आखूड असलेले तुकडे वेगळे करावेत आणि ते पुन्हा तोलावेत. साडेबारा ग्रॅम भरले तर तुकडा २५ टक्के झाला; साध्या, न उकडलेल्या तांदळाच्या सरकारी खरेदीत वर्षानुवर्षे मान्य असलेली कमाल मर्यादा हीच होती. ‘अखंड दाणा’ असे ठळक अक्षरांत छापून चढा भाव लावलेल्या पोत्यात एवढा तुकडा निघाला, तर तो वेगळा काढलेला ढीग घेऊन दुकानात जावे.